७५ टक्क्यांच्या वर यायला सलग किती तास बसावं लागेल?

हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की पोरं पहिल्यांदा एक हिशोब करतात, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. एक उदाहरण धरून चालू. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी धरणगावहून जळगावला अप-डाऊन करते. रसायनशास्त्राचा तास सकाळी पहिला असतो. गाडी लेट झाली की तो तास गेला. श्रावणात घरी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जन असतं, म्हणजे तो सोमवारही गेला. असं करत करत या विषयाचे ३८ तास झाले तेव्हा तिची हजेरी २२ भरली. २२ भागिले ३८ म्हणजे ५७.८९ टक्के. कॉलेजची अट ७५ टक्क्यांची.

चुकीचा हिशोब असा होतो: ३८चे ७५ टक्के म्हणजे साडेअठ्ठावीस, म्हणजे २९. हजेरी २२ आहे, म्हणजे ७ तास कमी पडले. दोन आठवडे नीट बसलं की झालं!

ते सात तास ती बसली असं समजा. हजेरी २९ झाली, पण तोवर झालेले तासही ३८चे ४५ झाले. २९ भागिले ४५ म्हणजे ६४.४ टक्के. लिस्टमध्ये नाव तसंच. तुम्ही बसलात म्हणून तास झाला नाही असं होत नाही. प्रत्येक तास हजेरीत एक घालतो आणि एकूण तासांतही एक घालतो, आणि चुकीच्या हिशोबात ही दुसरी वाढ धरलेलीच नसते.

खरं उत्तर २६ आहे. ते कसं येतं ते पाहू. यात बीजगणित लागत नाही, बुडालेले तास मोजले की पुरतं.

बुडालेल्या तासांवरून हिशोब

७५ टक्के हजेरी म्हणजे चौथाई तास बुडाले तरी चालतील. हेच उलटं वाचा: जितके तास बुडाले, त्याच्या चौपट तरी एकूण तास व्हायला हवेत, तेव्हा ते बुडालेले चौथाईत बसतील. आता इथून पुढे ती सलग बसणार असेल, तर बुडालेल्यांचा आकडा वाढणार नाही, तो गोठला. वाढणार फक्त एकूण तास.

आपल्या मुलीचे बुडालेले तास ३८ वजा २२, म्हणजे १६. १६ चोक ६४. एकूण तास ६४ झाले की १६ बुडालेले बरोबर चौथाईत बसतात. आत्ता झालेत ३८. ६४ वजा ३८, म्हणजे २६. ताळा करून बघा: २२ अधिक २६ म्हणजे ४८ हजेरी, ६४पैकी. बरोबर ७५.

म्हणजे करायचं इतकंच: बुडालेले तास गुणिले ४, त्यातून आजवर झालेले तास वजा. उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर तुम्ही आधीच अटीच्या आत आहात.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. तुम्ही नेमाने बसत असाल तर आकडा सुरुवातीला भराभर चढतो आणि नंतर रखडतो. आपल्या उदाहरणात पहिल्या १० तासांनी ५७.९चे ६६.७ टक्के होतात. पुढच्या १० तासांनी ७२.४. शेवटच्या ६ तासांत जेमतेम अडीच टक्के चढतात. पहिल्या पंधरवड्यातली वाढ बघून “असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात ७५” असा अंदाज बांधू नका, तो हमखास फसतो.

आकडे कुठून घ्यायचे

हिशोबाला दोनच आकडे लागतात: त्या विषयाचे झालेले तास आणि तुमची हजेरी. दोन्ही सरांच्या मस्टरवरून किंवा कॉलेजच्या अ‍ॅपवरून घ्या, मित्राच्या आठवणीवरून घेऊ नका. “झालेले तास” म्हणजे खरोखर घेतलेले तास. सर रजेवर होते, संप होता, कॉलेजला सुट्टी होती, तर तो तास मोजला जात नाही, त्याने टक्का घसरत नाही आणि चढतही नाही. पण सगळ्या वर्गाने मिळून दांडी मारली आणि सरांनी तास झाला म्हणून सगळ्यांची गैरहजेरी लावली, तर तो प्रत्येकाच्या खात्यात बुडालेला तास आहे.

प्रॅक्टिकलचं आधी विचारून घ्या. दोन-तीन तासांचं प्रॅक्टिकल काही ठिकाणी एक हजेरी धरतात, काही ठिकाणी जितके तास तितक्या हजेऱ्या. कुठलीही पद्धत चालेल, पण हजेरी आणि एकूण तास एकाच मापाने मोजलेले हवेत.

आता मस्टर समोर आहेच, तर आधी चुका शोधा. याचा फायदा जितका वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एखाद्या दिवशी तुम्ही वर्गात होता आणि चुकून गैरहजेरी लागली, ती दुरुस्त झाली तर बुडालेले १६चे १५ होतात. १५ चोक ६०, वजा ३८, म्हणजे २२. एका दुरुस्तीने चार तास वाचले! लेट गाडीने पोचून दहा मिनिटं उशिरा वर्गात बसलेल्यांच्या बाबतीत हे फार होतं: हजेरी घेऊन झालेली असते, तास सगळा ऐकलेला असतो, आणि मस्टरमध्ये मात्र ‘गै’. त्याच दिवशी तास संपल्यावर सांगितलं तर सर बघतात तरी. दोन महिन्यांनी सांगून उपयोग होत नाही.

एनएसएस शिबिर, एनसीसी, विद्यापीठाच्या स्पर्धा, युवारंग यांत गेलेले दिवसही इथेच तपासायचे. अशा दिवसांची सवलत दोन प्रकारे देतात आणि उत्तर दोन्हींत वेगळं येतं. समजा १६पैकी ४ तास एनएसएसच्या शिबिरामुळे बुडाले. कॉलेजने ते हजेरी म्हणून धरले, तर हजेरी २६, झालेले ३८, बुडालेले १२. १२ चोक ४८, वजा ३८, म्हणजे १० तास. कॉलेजने ते चार तास हिशोबातूनच काढून टाकले, तर हजेरी २२, झालेले ३४, बुडालेले १२. ४८ वजा ३४, म्हणजे १४. पत्र देताना यांतला कुठला प्रकार लागू होतो तेवढं विचारून ठेवा.

उशिरा प्रवेश मिळालेल्यांनी तर हे आवर्जून विचारावं. कॅपच्या शेवटच्या फेरीत नंबर लागला आणि तोवर वर्ग सुरू होऊन गेले होते, असं दर वर्षी होतं. आपल्या उदाहरणातले १६पैकी १० तास प्रवेशाआधीचे असते आणि कॉलेजने प्रवेशाच्या तारखेपासून मोजायचं मान्य केलं असतं, तर झालेले तास २८, हजेरी २२, म्हणजे ७८.६ टक्के. एकही जादा तास न बसता ती अटीच्या आत. अशा वेळी तास मोजत बसण्यापेक्षा कार्यालयात अर्ज देणं जास्त कामाचं.

तेवढे तास शिल्लक आहेत का?

२६ हा आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. टर्म संपायच्या आत २६ तास होणार आहेत का, हा खरा प्रश्न.

वेळापत्रक आणि कॅलेंडर शेजारी ठेवा. रसायनशास्त्राचे आठवड्याला ४ तास. टर्म संपायला ७ आठवडे आहेत, त्यातला एक दिवाळीच्या सुट्टीचा. उरले ६ आठवडे, म्हणजे २४ तास. लागतात २६. सगळेच्या सगळे बसली तरी ४६ भागिले ६२, म्हणजे ७४.२ टक्के. हुकलं, आणि तेही थोडक्यात.

हे आज कळलं तर त्यावर काही करता येतं, शेवटच्या आठवड्यात कळलं तर येत नाही. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे मस्टरमधली एखादी चूक किंवा शिबिराचा एखादा दिवस: बुडालेल्यांतला एकच तास कमी झाला तरी गरज २२ किंवा २३ वर येते आणि २४ शिल्लक आहेत. दुसरी म्हणजे जादा तास. पोर्शन मागे असला की सर शनिवारी किंवा रिकाम्या तासाला जादा तास घेतात. दोन जादा तास झाले आणि ती दोन्हींना बसली, तर ४८ भागिले ६४, बरोबर ७५. मात्र तो जादा तास मस्टरवर यायला हवा. “रिव्हिजन आहे, हजेरी नाही” असा तास कितीही चांगला झाला तरी या हिशोबात धरता येत नाही. आणि जादा तासाला दांडी मारली, तर तोही बुडालेल्यांत जातो.

शिल्लक तास गरजेपेक्षा जास्त असतील, तर हिशोब थोडा बदलतो. समजा २४ ऐवजी ३० तास शिल्लक आहेत. टर्मअखेर एकूण ६८ होणार. ६८ची चौथाई १७. सोळा बुडालेले आहेतच, म्हणजे उरलेल्या ३० तासांत एकच बुडवायची मुभा आहे. दिवाळीनंतर शेतावर कापूस वेचायला हात कमी पडतात, घरात लग्न निघतं, सारंगखेड्याची यात्रा येते. घरातल्या कामाला ती एक सुट्टी कधी वापरायची हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

सलग बसण्यात मध्ये एक तास चुकला तर काय होतं? बुडालेले १६चे १७ झाले. १७ चोक ६८. तो चुकलेला तास स्वतः एकूण तासांत मोजला गेला, म्हणून गरज प्रत्यक्षात तीनने वाढते: एका दांडीला तीन तास भरपाई. ७५ गाठल्यावरही हेच आहे. ६४पैकी ४८ असताना पुढचा तास बुडवला, की ४८ भागिले ६५, ७३.८. परत वर यायला पुन्हा तीन तास सलग. म्हणून अगदी ७५वर थांबून श्वास सोडू नका, एखाद-दोन तास वर असू द्या. रेल्वेचा ब्लॉक आणि एसटीचा टायर कोणाला विचारून येत नाहीत.

अट ७५ नसेल तर

चारने गुणायचं ते ७५च्या अटीला. अट बदलली की गुणक बदलतो, कारण बुडवायला मिळणारा हिस्सा बदलतो. ८०च्या अटीत पाचवा हिस्सा बुडवता येतो, म्हणून पाचने गुणा. ९०ला दहाने. ६०ला अडीचने. ७०ला दहाने गुणून तीनने भागा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या.

थोडीशी वाढलेली अट किती जड जाते ते आपल्याच उदाहरणात बघा. १६ बुडालेले, ३८ झालेले. अट ६०ची असती तर २ तास पुरले असते. ७०ला १६ तास. ७५ला २६. ८०ला १६ पंचे ८०, वजा ३८, म्हणजे ४२ तास, जे एका टर्ममध्ये बसणं अवघड. आणि ९०ला १२२, म्हणजे विषयच सोडून द्या.

हे सांगायचं कारण, खान्देशात शिरपूर, चोपडा, शहादा इकडे बीफार्म आणि बीएडला जाणारी बरीच मुलं “७५च लागतात” असं धरून चालतात. बीफार्मला फार्मसी कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला ८० टक्के आहेत, आणि थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळं मोजायचं आहे. बीएडला एनसीटीईच्या २०१४च्या निकषांत अभ्यासक्रमाच्या तासांना ८० आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के आहेत. लॉ कॉलेजला बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत ७० टक्के आहेत. आपल्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत काय छापलंय ते बघूनच गुणक निवडा.

विषयवार की एकत्र?

हेही आधी विचारून घ्या, कारण उत्तरात दुपटीचा फरक पडू शकतो. काही कॉलेजं प्रत्येक विषयाला ७५ मागतात, काही सगळ्या विषयांची मिळून.

मिळून असेल तर हजेऱ्यांची बेरीज करा आणि तासांची बेरीज करा, टक्क्यांची सरासरी काढू नका. समजा दोनच नोंदी आहेत: थिअरी ३८पैकी २२ आणि प्रॅक्टिकल १२पैकी १२. टक्क्यांची सरासरी काढली तर ५७.९ आणि १००ची सरासरी जवळजवळ ७९ येते, आणि पोरगी निवांत. खरा हिशोब ५०पैकी ३४, म्हणजे ६८ टक्के. बुडालेले १६च, १६ चोक ६४, वजा ५०, म्हणजे अजून १४ तास हवेत. हे १४ मात्र थिअरी-प्रॅक्टिकल मिळून कुठलेही चालतात, त्यामुळे लवकर भरतात.

शीटमध्ये टाकायचं असेल तर

सहा-सात विषय असतील तर मोबाईलवर शीट करून ठेवा. `A2` मध्ये झालेले तास, `B2` मध्ये हजेरी, `C2` मध्ये अट, आणि `D2` मध्ये हे:

```
=MAX(0,ROUNDUP((C2*A2-100*B2)/(100-C2),0))
```

३८, २२ आणि ७५ टाकून २६ येतंय का ते आधी तपासा. अट नुसती `75` अशी लिहायची. `75%` असं टाकलं तर शीट त्याला ०.७५ समजते आणि उत्तर शून्य दाखवते. झालेले तास आणि हजेरी यांची अदलाबदल झाली तरीही शून्यच येतं. टक्का कमी असताना शून्य दिसलं, तर आनंद करू नका, रकाने तपासा.

कोणी प्रोग्रॅम लिहीत असेल तर तिथेही अट पूर्णांकातच ठेवा. पायथॉनमध्ये `0.8` आणि `1-0.8` वापरून हाच हिशोब केला, तर ४०पैकी ३० हजेरीला १० ऐवजी ११ तास येतात, कारण `1-0.8` तिथे बरोबर ०.२ होत नाही, किंचित कमी राहतं, आणि वरचा पूर्णांक घेताना एक तास वाढतो.

शेवटचे दोन खोडे

पहिला पूर्णांकाचा. २६ऐवजी २५ तास बसून झाले, तेव्हा हजेरी ६३पैकी ४७, म्हणजे ७४.६. नोटीस बोर्डवर दशांश न दाखवता छापलं तर ते ७५ दिसतं. क्लार्कच्या कॉम्प्युटरवर मात्र ७४.६ आहे आणि लिस्ट तिथून निघते. बोर्डवरच्या ७५वर विसंबून सव्विसावा तास सोडू नका. नियमात “किमान ७५” लिहिलंय की “७५पेक्षा जास्त” तेही वाचा. दुसरं असेल तर बरोबर ४८ भागिले ६४ वर काम होत नाही, आणखी एक तास हवा.

दुसरा तारखेचा. हजेरी टर्मच्या शेवटच्या दिवशी मोजतात असं सगळे धरतात. परीक्षेचे फॉर्म आणि हॉल तिकीट यांच्या गडबडीत पुष्कळ कॉलेजं त्याआधीच मस्टर बंद करून यादी पाठवतात. वर २४ तास शिल्लक धरले होते. मस्टर टर्म संपायच्या आठवडाभर आधी बंद होत असेल, तर ते २० झाले आणि सगळे बसूनही ४२ भागिले ५८, ७२.४ टक्केच होतात. म्हणून शिल्लक तास मोजताना टर्मची शेवटची तारीख धरू नका. विभागप्रमुखांना किंवा कार्यालयात विचारा, “हजेरी कुठल्या तारखेपर्यंतची धरणार?” आणि कॅलेंडरवर त्या तारखेपर्यंतचेच तास मोजा. आजारपणाचे कागद, शिबिराचं पत्र, मस्टरमधल्या दुरुस्त्या हे सगळं त्या तारखेच्या आत द्यायचं आणि पोच घ्यायची.